त्स

अ कापेला वृंदात वाद्यं नसतात, ड्रमसेटसुद्धा माणसाच्या तोंडातूनच वाजतो. बहुतेक वृंदांत तो एकाच बीटबॉक्सरकडे असतो. काही वृंद मात्र तो तिघांत वाटून देतात. एकाकडे किक, म्हणजे पायाने वाजवायचा बास ड्रम, दुसऱ्याकडे स्नेअर आणि तिसऱ्याकडे हाय-हॅट. या तिघांत माझा जीव हाय-हॅटवर आहे.

किकचा 'ब्' मिटलेल्या ओठांतून फुटतो आणि थेट छातीत जाणवतो. स्नेअरचा 'क्' किंवा 'प्फ' कडाडतो. हाय-हॅटकडे मात्र एवढुसा 'त्स' असतो. जीभ वरच्या दातांमागे टेकते, सुटते, झालं. त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. पण किक आणि स्नेअर अधूनमधून येतात, त्यांच्यामधलं अंतर मोजत राहतो तो हाच. हा डगमगला की सगळा वृंद लयीतून घसरतो.

त्याचं एकच दुखणं आहे, श्वास. एकटा बीटबॉक्सर श्वास चोरतो तो स्नेअरमध्ये. 'क्' हवा आत ओढून वाजवता येतो, त्यामुळे ठोका पडतो आणि छातीही भरते. ड्रमसेट तिघांत वाटला की स्नेअर शेजाऱ्याकडे जातो आणि त्याच्याबरोबर ही सोयही जाते. अरेंजर हे विसरतो आणि हाय-हॅटला सलग 'त्स त्स त्स' लिहून देतो. दम संपत आल्याची खूण रेकॉर्डिंगमध्ये साफ ऐकू येते. आधी 'त्स'मधला 'स' आखडतो, नुसता कोरडा 'त्' उरतो, आणि मग लय पळू लागते.

उपाय स्नेअरच्याच सावलीत आहे. स्नेअर वाजतो तेव्हा त्याच्या कडकडाटात हाय-हॅट जवळजवळ झाकलाच जातो. रोलिंग स्टोन्सचे ड्रमर चार्ली वॉट्स खऱ्या ड्रमसेटवरही स्नेअरच्या ठोक्याला हाय-हॅट सोडून देत. तोंडाच्या हाय-हॅटला हीच सवलत द्यावी. मिनिटाला 96 ठोक्यांच्या लयीतला चार ठोक्यांचा एक बार घ्या. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की आठ जागा होतात:

हाय-हॅट: त्स त्स – त्स | त्स त्स – त्स्स्स
स्नेअर: – – क् – | – – प्फ –
किक: ब् – – – | ब् ब् – –

तबल्याचे बोल म्हणतो तशी प्रत्येक ओळ आधी एकट्याने म्हणून पाहा. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला हाय-हॅट गप्प आहे. दोन 'त्स'मधलं हे अंतर सुमारे 0.6 सेकंदाचं, नाकाने एक घोट हवा घ्यायला पुरेसं. शेवटचा लांब 'त्स्स्स' म्हणजे उघडी झांज. पुढच्या बारच्या पहिल्या 'त्स'ला जिभेने तो नेमका तोडायचा, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत सांडतात. स्नेअरवाल्याचं दुखणं उलटं असतं. प्रत्येक वेळी आत ओढला तर छाती गच्च भरते, म्हणून चौथ्या ठोक्याला बाहेर सोडायचा 'प्फ' दिला आहे.

वाटणीचा खरा लाभ पहिल्या, पाचव्या आणि सहाव्या जागेवर आहे. तिथे किक आणि हाय-हॅट एकदम वाजतात. एका तोंडाला हे दोन्ही स्वच्छ वाजवणं फार कठीण, बहुतेक जण एक गाळतात. पण दोन माणसं म्हटली की मागेपुढे होणं आलंच, आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. त्यासाठी हाय-हॅटला मध्ये उभं करावं, किक आणि स्नेअर त्याला खेटून. तीन मीटर लांबून येणाऱ्या आवाजालाच जवळजवळ 9 मिलिसेकंद लागतात. किकने बास गायकाकडे बघून स्वराची सुरुवात जुळवावी, पण लय हाय-हॅटकडूनच घ्यावी.

हाय-हॅटला एक छुपा शत्रूही आहे, गाण्याचे शब्द. ओळीच्या शेवटी 'आस' किंवा 'श्वास' आला आणि आठ गायकांनी तो 'स' आठ वेगळ्या क्षणी सोडला, तर श्रोत्याला आठ भरकटलेले हाय-हॅट ऐकू येतात. असा 'स' एकाच गायकाला द्यावा, बाकीच्यांनी स्वरावर थांबावं, आणि तो एक 'स' हाय-हॅटच्या एखाद्या 'त्स'वरच टाकावा.

म्हणून अरेंजरांना माझं सांगणं आहे. तालाच्या तीन ओळींत हाय-हॅटची ओळ आधी लिहा. आणि कागद दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती पूर्ण गाणंभर स्वतःच्या तोंडाने, न थांबता वाजवून पाहा. जिथे तुमचा श्वास अडेल तिथे त्याचाही अडणार आहे, तिथला एक 'त्स' खोडून टाका.