घराच्या कागदावरील दुसरे नाव

कात्रजच्या टेकडीवरील आगम मंदिरात दर्शन घेऊन उतरताना त्या दांपत्याचे लक्ष नेहमी खालच्या नव्या इमारतींकडे जाई. पतीचे मार्केट यार्डात भुसार मालाचे दुकान, पत्नी एका शाळेत शिक्षिका. घरात वृद्ध आई आणि दोन शाळकरी मुले. अखेर कात्रजमध्येच ८० लाखांची सदनिका ठरली. ३० लाख स्वतःजवळचे आणि ५० लाख बँकेचे कर्ज. करारनाम्याचा मसुदा आला आणि त्यातील एका रिकाम्या ओळीवर घरातील चर्चा अडली: ‘खरेदीदाराचे नाव’.

दुकानातील जुन्या मुनीमजींचे मत ठाम होते. “दोघांच्या नावावर घ्या, शेठ. व्याजाची सवलत दुप्पट मिळते.” त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या ५० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी सुमारे ४ लाख २१ हजार रुपये व्याज जाते. स्वतः राहत असलेल्या घरासाठी एका व्यक्तीला त्यातील २ लाखांचीच वजावट मिळते. दोघेही सहमालक आणि दोघेही सहकर्जदार असतील व दोघेही हप्ता भरत असतील, तर प्रत्येकी २ लाख म्हणजे ४ लाखांची वजावट होते. मुद्दलाच्या परतफेडीवरील दीड लाखाची मर्यादाही प्रत्येकाची वेगळी. यातील एकही अट सुटली, तर त्या व्यक्तीचा लाभ सुटतो. केवळ कर्जाच्या कागदावर सही असलेला, पण घराचा मालक नसलेला माणूस हप्ते भरूनही वजावट मागू शकत नाही.

परंतु हे सारे जुन्या करप्रणालीचे गणित होते. कर सल्लागारांनी दोघांचे आकडे समोर मांडले. पत्नीचे वार्षिक वेतन ९ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य आहे. जेथे करच नाही, तेथे वजावट घेऊन वाचवायचे काय? पतीचे व्यवसायाचे उत्पन्न २२ लाख. नवीन प्रणालीत त्यांचा कर उपकरासह २ लाख ६० हजार. जुन्या प्रणालीत व्याजाचे २ लाख आणि मुद्दल, विमा मिळून दीड लाख वजा करूनही कर ३ लाख ८२ हजारांच्या घरात. नवीन प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, तरीही तीच स्वस्त. शिवाय व्यापाऱ्याला या दोन प्रणालींत दरवर्षी ये-जा करता येत नाही. नवीन प्रणाली सोडून जुनीत गेलेल्यास परत येण्याची संधी एकदाच मिळते.

ज्या कारणासाठी दुसरे नाव घालायचे होते, ते कारणच असे नाहीसे झाले. उलट दुसरा एक हिशेब पुढे आला. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर व मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के भरावे लागतात. ८० लाखांवर ५ लाख ६० हजार. खरेदीदार केवळ स्त्री असेल, तर १ टक्का सूट, म्हणजे ८० हजारांची बचत. पतीचे नाव जोडताच ही सूट जाते. नोंदणी शुल्क दोन्ही बाबतींत ३० हजारच.

“मग एकट्या सूनबाईंच्या नावावर घ्या,” मुनीमजी म्हणाले. कायद्याची त्याला आडकाठी नव्हती. पतीने आपल्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावावर घेतलेले घर बेनामी ठरत नाही. मात्र अशा घराची कागदोपत्री मालक पत्नी असते. पतीने हप्ते भरले, तरी कागदावर मालक ती.

निर्णय ठरला तो वेगळ्याच प्रसंगाच्या आठवणीने. त्यांच्या ओळखीतील एक व्यापारी अकाली वारले होते. घर एकट्या त्यांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. जैन कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हाच लागू होतो. त्यानुसार विधवा पत्नी, आई आणि दोन मुले अशा चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळाला. पत्नीला घर विकून लहान जागेत जायचे होते. पण अज्ञान मुलांचा हिस्सा विकण्यास न्यायालयाची परवानगी लागते. सोसायटीत नामनिर्देशन तिचे होते. परंतु त्याने सोसायटीच्या दफ्तरी नाव लागते, वारसांची मालकी संपत नाही.

“अहो, आपल्या नावांचंही असंच व्हायचं का?” पत्नीने विचारले. कर सल्लागारांनी कागदावर आकडे लिहून दाखवले. नावे दोन असली, तरी एक गेल्यावर सारे घर आपोआप दुसऱ्याचे होत नाही. निम्मे पत्नीचे राहील, पतीच्या निम्म्याचे पुन्हा चार भाग होतील. पत्नीकडे आठपैकी पाच भाग येतील, आई व मुलांकडे एकेक. म्हणजे संयुक्त नावाने तिचा पाया भक्कम होतो, प्रश्न पूर्ण मिटत नाही. तो मृत्युपत्रानेच मिटतो.

मग हिस्स्यांचा विषय निघाला. करारनाम्यात हिस्से लिहिले नसतील, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हक्क मानला जातो, आणि पुरावा नसेल तर समान. या घरी पत्नीने आपली बचत व मोडलेले स्त्रीधन मिळून १२ लाख घातले होते, पतीने १८ लाख. कर्ज निम्मे-निम्मे धरले, तर पत्नीचे ३७ लाख आणि पतीचे ४३ लाख होत होते. दोघांनी समान हिस्सा लिहिण्याचे ठरवले. मधले ३ लाख पतीने पत्नीला दिलेली भेट. ती घेताना पत्नीला कर नाही. मात्र पुढे घर भाड्याने दिल्यास तेवढ्या भागाचे भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाईल. १२ लाख पत्नीच्या खात्यातूनच बिल्डरला गेले, आणि ४३ हजारांच्या हप्त्याचा निम्मा भाग दरमहा तिच्या वेतन-खात्यातून जाईल अशी व्यवस्था झाली.

एक जोखीम उरली. सहकर्जदार निम्म्या कर्जाचा नव्हे, संपूर्ण कर्जाचा जबाबदार असतो. पतीला काही झाले, तर बँक पूर्ण हप्ता पत्नीकडेच मागेल. म्हणून पतीने ५० लाखांचा मुदत विमा घेतला. दुकानाच्या कर्जाला पत्नीने जामीन राहायचे नाही, हेही ठरले. नाहीतर व्यापारातील तोटा तिच्या निम्म्या घरापर्यंत पोहोचला असता.

हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दोघांनी अंगठे टेकवले, छायाचित्रे निघाली. हाती आलेल्या सूची क्रमांक दोनच्या प्रतीत त्यांनी प्रथम दोन्ही नावे तपासली, मग करारनाम्यात हिस्सा लिहिलेली ओळ. ८० हजारांची सूट सोडली होती, कराची बचत शून्य होती. त्या आठवड्यात दोघांनी दोन साक्षीदारांसमोर आपापली मृत्युपत्रे केली. पतीच्या मृत्युपत्रात त्यांचा निम्मा हिस्सा पत्नीला होता, आणि आईला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क. तो मजकूर त्यांनी सही करण्यापूर्वी आईला वाचून दाखवला. आईने फक्त एवढेच विचारले, “सूनबाईच्या कागदातही माझ्या खोलीचं लिहिलंय ना?” पत्नीने आपला कागद तिच्यापुढे ठेवला. तेथेही ती ओळ होती.