सोळा वाफे

माझे आजोळ बिदर आणि भालकी यांच्या दरम्यान एका लहान खेड्यात आहे. तेथील मामांचे शेत उताराचे. वरच्या अंगाला तांबूस, मुरमाड, हाताला भरभरीत लागणारी माती. आणि ओढ्याच्या बाजूने खाली उतरावे तो पाय रुतेल अशी काळी, खोल जमीन. मधे कोठे रेघ ओढावी असा बदल होत नाही. तांबडे हळूहळू काळे होत जाते.

2021 च्या रब्बीत मामांनी या शेतात कांदा लावला होता. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी खालच्या अर्ध्या भागाला दुप्पट युरिया दिला आणि वरच्या भागाला नेहमीइतकाच. काढणीच्या वेळी खालचा कांदा भरघोस निघाला. मी सुट्टीत गेलो तेव्हा मामा मोठ्या समाधानाने म्हणाले, "बघ बाळ, दुप्पट खताचा गुण! पुढच्या साली सगळ्याच रानाला दुप्पट टाकतो."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे मला राहवले नाही. म्हटले, "मामा, तुम्ही खत दुप्पट दिले खरे, पण ते काळ्या जमिनीत दिले. मग कांदा मोठा झाला तो खताने की जमिनीने, हे कसे सांगाल?" मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तूच सांग की मास्तर. नुसते प्रश्नच इचारायलास!" त्या एका वाक्यापायी मी पुढच्या रब्बीत सोळा वाफ्यांच्या फंदात पडलो.

असा प्रश्न शेतीत जुना आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात 1919 साली रोनाल्ड फिशर हा गणिती नोकरीस लागला आणि तेथील कामातून त्याने शेतातील प्रयोग कसे मांडावेत याचे शास्त्रच घडविले. आपल्याकडे ते रुजविणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग सुखात्मे हे एक. त्यांनी व व्ही. जी. पानसे यांनी मिळून लिहिलेले सांख्यिकीवरील पुस्तक 1954 साली प्रसिद्ध झाले व शेती महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. आम्ही जी मांडणी केली तिला 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन' म्हणतात. नाव भारदस्त आहे. कल्पना मात्र घरगुती आहे.

आम्हाला नत्राच्या चार मात्रा ताडून पाहावयाच्या होत्या: हेक्टरी शून्य, 50, 100 आणि 150 किलो. उतार जसा खाली येतो त्याला आडवे असे चार पट्टे आम्ही आखले. पहिला पट्टा मुरमाचा, चौथा ओढ्याकडचा, दोन मधले. प्रत्येक पट्ट्यात शेजारी शेजारी चार वाफे, आणि प्रत्येक पट्ट्यात चारही मात्रा एकेकदा. एका पट्ट्यातील चार वाफ्यांची माती जवळजवळ सारखी; म्हणून त्यांची आपापसांतील तुलना न्याय्य. पट्टे उभे, म्हणजे उताराच्या दिशेने पाडले असते तर एकाच पट्ट्यात मुरूमही आला असता आणि काळीही, आणि मांडणीचा सारा अर्थच गेला असता. हे सांगायला सोपे वाटते, परंतु आखणीच्या दिवशी मामांनी दोऱ्या नेमक्या उभ्या ताणल्या होत्या, कारण पाणी तसे सोयीचे जाते!

वाफा 3 मीटर लांब व 2 मीटर रुंद. ओळींत 15 सेंटिमीटर आणि रोपांत 10 सेंटिमीटर अंतर धरले म्हणजे 20 ओळी, ओळीत 20 रोपे, वाफ्यात 400 रोपे. सोळा वाफे, मधले वरंबे आणि पाट धरूनही दोन गुंठ्यांत प्रयोग मावला. खताचा हिशेब मामांना नवा होता. हेक्टरी 100 किलो नत्र म्हणजे चौरस मीटरला 10 ग्रॅम, सहा चौरस मीटरला 60 ग्रॅम. युरियात शेकडा 46 भाग नत्र असते. तेव्हा वाफ्याला 130 ग्रॅम युरिया हवा. 50 च्या वाफ्याला 65 ग्रॅम, 150 च्या वाफ्याला 196. यातील निम्मा लागणीच्या वेळी, उरलेला दोन हप्त्यांत तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी. स्फुरद आणि पालाश मात्र सोळाही वाफ्यांना अगदी सारखे, कारण परीक्षा एकट्या नत्राची होती. चिमूटभर युरिया सारखा पसरत नाही, म्हणून तो कोरड्या मातीत मिसळून प्रत्येक वाफ्याचे मिश्रण एकाच मापाचे केले. शून्याच्या वाफ्याला नुसती माती फेकली. शेजारचे एक गृहस्थ बांधावर उभे राहून हसत होते.

आता कोणत्या वाफ्यात कोणती मात्रा? मामांचे म्हणणे, "ओळीने लाव. शून्य, पन्नास, शंभर, दीडशे. ध्यानात राहील." परंतु पूर्वेच्या बांधावर एक मोठी बाभूळ आहे. तिची सावली आणि मुळे त्या टोकाच्या वाफ्याला छळणार. ओळीने लावले असते तर चारही पट्ट्यांत दीडशेची मात्राच बाभळीखाली सापडली असती, आणि बाभळीचा दोष आम्ही खताच्या माथी मारला असता. बाभूळ तरी दिसते. जमिनीत जुने वारूळ कोठे होते, कोणत्या साली कोठे शेणखताचा ढीग पडला होता, हे कोणास ठाऊक? उताराचा भेद ठाऊक होता, तो पट्ट्यांनी आवरला. जे ठाऊक नाही त्यासाठी चिठ्ठ्या. मामींच्या पितळी तांब्यात चार चिठ्ठ्या घातल्या आणि मामांच्या नातीने एकेक काढली. प्रत्येक पट्ट्यासाठी पुन्हा नव्याने.

चौथ्या पट्ट्यात गंमत झाली. ओढ्याकडच्या कोपऱ्यात, जेथे मामांच्या मते त्यांच्या रानातील सोन्यासारखी माती आहे, तेथे शून्याची चिठ्ठी निघाली. मामांचा चेहरा उतरला. "असल्या जागेवर काहीच न घालता कांदा? काढ ग पोरी, पुन्हा काढ." मुलीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "मामा, आपल्याला न आवडणारी चिठ्ठी परत टाकली, की मग ती चिठ्ठी राहत नाही, आपली मर्जी होते." ते कुरकुरले, पण चिठ्ठी राहिली.

डिसेंबर 2022 मध्ये लागण झाली. रोपे मध्यम जाडीची निवडून एकत्र मिसळली होती. एका पट्ट्याची लागण एकाच बाईने करावयाची, आणि दिवस मावळला तर पट्टा पुरा करूनच थांबावयाचे, असा नियम केला. खुरपणी आणि काढणीलाही तोच. एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. हा फरक दोन पट्ट्यांत पडला तर चालतो, एका पट्ट्याच्या आत पडता कामा नये.

सर्वांत अधिक काळजी पाण्याची होती. युरिया पाण्यात विरघळतो. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी गेले की खतही गेले. म्हणून प्रत्येक पट्ट्याला वेगळा पाट आणि प्रत्येक वाफ्याला वेगळे तोंड ठेवले होते. तरीही घात झालाच. तिसऱ्या पट्ट्यात क्रम आला होता शंभर, शून्य, पन्नास, दीडशे. फेब्रुवारीत मला दिसले की पन्नासच्या वाफ्याची दीडशेकडची पात अधिक गडद हिरवी आहे. वरंबा उकरला तर आत उंदराचे बीळ! मामांनी ते बुजविले. मी मात्र त्या संध्याकाळच्या बसच्या घाईत वहीत काहीच लिहिले नाही.

एप्रिलमध्ये काढणी झाली. वाफ्याच्या कडेची रोपे शेजारच्या खतावर आणि मोकळ्या उजेडावर पोसतात, म्हणून चारही बाजूंच्या दोन दोन ओळी सोडून मधल्या 256 कांद्यांचेच वजन केले. सरासरी अशी आली: शून्याला 6.3 किलो, पन्नासला 7.9, शंभरला 8.9 आणि दीडशेला 8.8. पट्ट्यांची सरासरी वरून खाली 6.6, 7.65, 8.4, 9.3. म्हणजे नुसत्या जमिनीने पडलेला फरक हा खताने पडलेल्या मोठ्यातल्या मोठ्या फरकाइतकाच होता. मागल्या साली मामांना जे खताचे यश वाटले होते, त्यात ओढ्याचा वाटा केवढा असेल ते मी बोललो नाही. मामाच आकड्यांवर बोट ठेवून बसले होते.

आता या फरकांतला खरा कोणता आणि योगायोगाचा कोणता? पट्ट्यांचा व मात्रांचा परिणाम बाजूला काढून जो चढउतार उरतो, त्यावरून हिशेब केला तेव्हा मर्यादा निघाली 1.05 किलो. दोन सरासऱ्यांत त्याहून अधिक अंतर असेल तरच ते मानावयाचे. पट्टे न धरता हिशेब केला असता तर हीच मर्यादा जवळजवळ दोन किलोंवर गेली असती आणि शून्य व पन्नास यांतला दीड किलोचा भेदही आम्हाला मानता आला नसता. दीडशे आणि शंभर यांत तर काहीच अंतर दिसत नव्हते; ते जास्तीचे हेक्टरी 109 किलो युरिया आमच्या रानात तरी कांद्याच्या वजनात उमटले नाहीत. वर दीडशेच्या वाफ्यांत जाड मानेचे कांदे अधिक होते, आणि असा कांदा चाळीत लवकर सडतो. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले; मोजले नाही.

अडले ते पन्नास आणि शंभर यांच्यात. अंतर 1.025 किलो, मर्यादेला पंचवीस ग्रॅम कमी! आणि तिसऱ्या पट्ट्यातील तो बीळवाला वाफा 8.9 किलो देऊन बसला होता, त्याच पट्ट्यातील शंभरच्या वाफ्याइतका. तो वगळून त्या जागी नियमाने येणारा आकडा मांडला तर अंतर सव्वा किलोच्या वर जात होते आणि निकाल स्पष्ट लागत होता. माझ्या डोळ्यांनी मी बीळ पाहिले होते. पण वहीत नोंद नव्हती. वजन पाहण्यापूर्वी तो वाफा बाद ठरविला नव्हता. निकाल अडल्यावरच मला बिळाची आठवण झाली होती, हे मला स्वतःपासून लपविता येईना.

मामांनी विचारले, "मग काय लिहिणार?" मी सांगितले की वाफा राहील, निकाल अनिर्णीत राहील. ते थोडे हसले. "चिठ्ठीच्या वेळी मला गप्प बसवलास. आता तुझी पाळी." चार पट्ट्यांऐवजी पाच किंवा सहा घेतले असते तर मर्यादा खाली आली असती आणि एका उंदराने एवढे नडविले नसते, ही चूक आखणीतली, म्हणजे माझी.

त्या वर्षी मामांनी सबंध रानाला दुप्पट युरिया घातला नाही. पुढच्या प्रयोगासाठी आम्ही 50, 75, 100 आणि 125 अशा मात्रा व सहा पट्टे ठरविले. वाफ्यांमधील वरंबे मामांनी स्वतः दुहेरी बांधले, आणि दोरीला बांधलेली एक वही बांधावरच्या बाभळीला टांगून ठेवली.