गजाची सावली, जाळीचा करडा पडदा

पुण्यातली पश्चिमेकडची खोली. बाहेरून 12 मिलिमीटर जाडीच्या गोल सळयांचे ग्रिल, आतून फायबरची मच्छरजाळी. मार्चमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य जवळपास समोर, 45 अंशांवर असतो. अशी खिडकी आतून रेखाटणारा चित्रकार सहसा सगळ्या सावल्या सारख्याच गडद काढतो. चित्र खोटे वाटू लागते ते इथेच.

सूर्य बिंदू नसून तबकडी आहे. त्यामुळे सळईची सावली जसजशी दूर जाते तसतशी तिची कड पसरते: सुमारे 107 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर, हा हिशेब पुरतो. फरशीपासून 90 सेंटिमीटर उंचीवरच्या आडव्या गजाची सावली तिरपी सव्वा मीटर प्रवास करून पोहोचते. तिची कड तेव्हा गजाएवढीच, म्हणजे 12 मिलिमीटर पसरलेली असते आणि पूर्ण काळोख फक्त मधल्या रेषेत उरतो. सव्वादोन मीटर उंचीवरच्या गजाची सावली तीन मीटरहून जास्त जाते. तिचा पूर्ण काळा गाभा संपलेला असतो. उरतो तो निम्म्या गडदपणाचा रुंद पट्टा. म्हणून भिंतीजवळच्या सावल्या रेखीव आणि खोलीत आत सरकलेल्या फिकट, मऊ काढाव्या लागतात. पहिल्या वॉशवर कोरडी कड आणि दूरच्या पट्ट्यांना ओली कड, एवढ्याने बरेच काम होते.

जाळीचे धागे सुमारे 0.28 मिलिमीटरचे. त्यांचा गडद गाभा 3 सेंटिमीटरांतच विरतो. जाळीला चिकटून असलेल्या कट्ट्यावर बारीक चौकटी दिसू शकतात, फरशीवर कधीच नाही. तिथे जाळी समोरून आलेला सुमारे एक-तृतीयांश प्रकाश फक्त अडवते, तिरप्या उन्हाचा थोडा जास्त. जाळीचा एक कप्पा उघडा असेल तर फरशीवरचा उजेड दोन छटांत फुटतो. फरशीवर चौकडी विणणारे चित्र पाहणाऱ्याला नेमके का खटकते हे त्याला सांगता येत नाही, पण खटकते.

डोळ्यांपुढेही तसेच. धाग्यांमधले अंतर दीड मिलिमीटर असल्याने पाच-सहा मीटरांवरून जाळीचा नुसता करडा पडदा दिसतो. तो पातळ वॉशने दाखवावा आणि धागे फक्त जवळच्या एखाद्या कोपऱ्यात सुचवावेत. जाळीवर ऊन पडले की ती स्वतः उजळते आणि बाहेरची झाडे धूसर करते. आकाशापुढे सळई काळी आणि प्रत्यक्षापेक्षा बारीक भासते, कारण उजेड तिच्या कडा खातो. तीच सळई गडद झाडापुढे आली की खोलीतल्या प्रकाशाने फिकट दिसते, म्हणून एकाच रेघेचा रंग मध्येच उलटवावा लागतो. सरकत्या झडपांच्या दोन जाळ्या एकमेकींवर आल्या, तर धाग्यांऐवजी रुंद लहरी दिसतात. मान हलवली की त्याही सरकतात, म्हणून त्या एकाच जागेवरून पाहून हलक्या छटेत काढाव्यात.