हललेल्या फोटोतली मोटार

३,९९५ मिलिमीटर. डिझायर, बोलेरो, ब्रेझा, व्हेन्यू. कंपन्या निराळ्या, ठेवण निराळी, पण लांबी हीच. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कारखान्यांनी गाड्या त्या मापात बसवायला सुरुवात केली. डिझायर २००८ साली आली तेव्हा ४,१६० मिलिमीटर होती. २०१२ साली तिची डिकी आखूड करून ती ३,९९५ वर आणली. घोडेगावहून शिंगणापूरकडे वळणाऱ्या रस्त्यावर शनिवारी उभं राहिलं, तर समोरून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या अशा, चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. फोटोवरून वेग काढायचा तर फूटपट्टी लागते, आणि ती इथे प्रत्येक गाडी स्वतःबरोबर घेऊन येते.

*

या रस्त्याच्या कडेला उसाची रानं आणि रसवंत्या. एका रसवंतीवाल्या काकांनी नुकत्याच गेलेल्या पांढऱ्या डिझायरकडे हात करून सांगितलं, “शंभरच्या खाली नव्हती ही. रोज बघतो ना मी.” शेजारचा पोरगा म्हणाला, “नाही ओ काका, साठ असंल.” ती गाडी कॅमेऱ्यात आली होती. रस्त्यापासून साधारण ३५ मीटर आत, लांब पल्ल्याचं भिंग लावून, शटर १/६० सेकंदावर. मागचा ऊस आणि विजेचा खांब स्वच्छ, गाडी मात्र आडवी ओढल्यासारखी. खांब स्वच्छ आहे हे आधी पाहायचं. तोही ओढलेला दिसला तर कॅमेरा हलला, आणि मग गाडीची रेघ नुसत्या गाडीची राहत नाही.

*

शटर उघडं असताना गाडी जेवढी पुढे सरकते, तेवढी ती फोटोत लांबते. नाकाच्या पुढे एक अर्धपारदर्शक पट्टा तयार होतो, कारण तिथे काही वेळ रस्ता दिसला आणि काही वेळ गाडी. शेपटीकडेही तसाच पट्टा. मध्ये राहतो तो भरीव गाभा, जिथे पूर्ण वेळ गाडीच होती.

आता दोन मापं घ्यायची. पट्ट्यांसकट पूर्ण लांबी म्हणजे गाडीची लांबी अधिक सरक. भरीव गाभा म्हणजे गाडीची लांबी वजा सरक. दोन्हींची सरासरी काढली की गाडीची खरी लांबी मिळते, आणि दोन्हींतल्या फरकाचं निम्मं म्हणजे सरक. हललेल्या फोटोत गाडीच्या कडा सापडत नाहीत अशी तक्रार असते. कडा सापडायची गरजच नाही, पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढं सापडलं की झालं.

त्या डिझायरची पूर्ण लांबी १,६४२ पिक्सेल, गाभा १,४७८. सरासरी १,५६०, फरकाचं निम्मं ८२. म्हणजे गाडी स्वतःच्या लांबीच्या ५.२६ टक्के सरकली. ३,९९५ चे ५.२६ टक्के म्हणजे २१० मिलिमीटर. एका सेकंदाच्या साठाव्या भागात २१ सेंटिमीटर, तर सेकंदाला १२.६ मीटर. ३.६ ने गुणलं की ताशी ४५ किलोमीटर.

हा आकडा पक्का नाही. का, ते पुढे.

*

बंपर हे माप घ्यायला वाईट ठिकाण आहे. ते गोलाकार असतं, रंगाने रस्त्याशी मिसळतं, आणि कुणी पुढे लोखंडी गार्ड बसवलं असेल तर कारखान्याची लांबी उरतच नाही. चाकाचा मध्य चांगला. तो गाडीबरोबर सरळ रेषेत जातो, वर-खाली होत नाही, आणि झाकणावरची चमक बारीक रेघ काढते. पुढच्या चाकाच्या रेघेची सुरुवात ते मागच्या चाकाच्या रेघेची सुरुवात, हे अंतर हललेल्या फोटोतही तेच राहतं, कारण दोन्ही मध्यबिंदू सारखेच सरकलेले असतात. डिझायरचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर. फोटोत ९८० पिक्सेल. एका पिक्सेलला अडीच मिलिमीटर. चाकाच्या मध्याची रेघ ८४ पिक्सेल, म्हणजे पुन्हा २१०. दोन वाटांनी एकच उत्तर आलं, म्हणजे कडा वाचण्यात मोठी गडबड झालेली नाही.

*

बंपरवरून काढलं तर सरक ८२ पिक्सेल आणि चाकावरून काढलं तर ८४, हा फरक चुकीमुळे आलेला नाही. चाक कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. बंपरचं टोक गाडीच्या मध्यरेषेवर, म्हणजे पाऊण-एक मीटर पलीकडे. लांबच्या वस्तूला एका पिक्सेलमागे जास्त मिलिमीटर लागतात. बंपरच्या रेषेत २.५६, चाकाच्या रेषेत २.५. ज्या रेषेतली सरक मोजली त्याच रेषेतली फूटपट्टी वापरली की दोन्ही ठिकाणी २१० येतात. गाडीच्या एकूण लांबीची फूटपट्टी घेऊन चाकाची रेघ मोजली तर २१५ येतील. ३५ मीटरवरून एवढंच चुकतं. रस्त्याच्या अगदी कडेला, सहा मीटरवर उभं राहून काढलेल्या फोटोत हीच चूक १४ टक्क्यांवर जाते. म्हणून मागे सरकून, लांबच्या भिंगाने फोटो घ्यावा.

*

टायर नीट पाहा. जमिनीला टेकलेला भाग जवळजवळ स्वच्छ दिसतो, वरचा भाग गाडीपेक्षाही जास्त ओढलेला. न घसरता फिरणाऱ्या चाकाचा तळ त्या क्षणी थांबलेला असतो आणि माथा गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. मला हे दृश्य फार आवडतं. वेग काढताना मात्र टायरवरचं किंवा रिमवरचं काहीही धरू नये, फक्त मध्य.

*

गाडी तिरकी असेल तर? पुष्कळजण इथे कोन मोजायला लागतात. फार तिरकी नसेल तर गरज नाही. गाडी ज्या दिशेने लांब आहे त्याच दिशेने ती सरकते, त्यामुळे तिरकेपणाने लांबी जितकी आखूड दिसते तितकीच सरकही आखूड दिसते, आणि आपण फक्त दोघांचं गुणोत्तर घेतो. अंतर, भिंगाचा आकडा, कोन, काहीच लागत नाही. राहते एवढीच अडचण की जवळचं चाक मोठं आणि लांबचं लहान दिसतं. दोन्ही चाकांच्या रेघा मोजून सरासरी घेतली की ती बरीचशी निघून जाते.

वळणावरची गाडी मात्र सोडून द्यावी.

*

आता शटर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लिहिलेलं १/६० हे गोल केलेलं नाव असू शकतं. वेळांची शिडी दुपटीने चढते: १, १/२, १/४, १/८, १/१६, १/३२, १/६४. वाचायला सोपं म्हणून त्यातल्या काही पायऱ्यांना १/१५, १/३०, १/६० म्हणतात. खरी वेळ १/६४ असेल आणि आपण १/६० धरली तर वेग सहा टक्क्यांहून अधिक कमी येतो. कॅमेऱ्याला विचारून हे कळत नाही. बाहेरचं घड्याळ हवं.

ते घड्याळ संध्याकाळी शिंगणापूरच्या पार्किंगच्या बाजूला दिव्यांच्या खांबावर असतं. आपली वीज ५० हर्ट्झची. सोडियमचा पिवळा दिवा प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला हे दिसत नाही. पण त्या उजेडात जाणाऱ्या गाडीच्या चकचकीत हँडलवरची चमक फोटोत सलग रेघ न काढता मण्यांची माळ काढते. दोन मण्यांमधलं अंतर म्हणजे गाडीने एका सेकंदाच्या शंभराव्या भागात कापलेलं अंतर. शटर किती वेळ उघडं होतं याच्याशी त्याचा संबंध नाही. देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते, म्हणून हे घड्याळ आपल्या मापनातल्या इतर कुठल्याही आकड्यापेक्षा खात्रीचं.

एक वॅगन-आर, कॅमेऱ्यावर १/१५ लिहिलेलं. व्हीलबेस २,४३५ मिलिमीटर, फोटोत ९७४ पिक्सेल, म्हणजे पुन्हा पिक्सेलला अडीच मिलिमीटर. पहिल्या मण्यापासून सहा अंतरं मोजून सहाने भागलं, एक अंतर ३२ पिक्सेल आलं. ८ सेंटिमीटर गुणिले १००, सेकंदाला ८ मीटर, ताशी २९ किलोमीटर. गर्दीच्या रस्त्यावर तेवढाच वेग असणार.

मग उलटं गणित. हँडलची पूर्ण रेघ २०० पिक्सेल, म्हणजे अर्धा मीटर. सेकंदाला ८ मीटरने अर्धा मीटर जायला १/१६ सेकंद लागतो. म्हणजे या कॅमेऱ्याचा १/१५ हा खरोखर १/१६ आहे, आणि त्याच शिडीवरचा १/६० हा १/६४. दिवसाची डिझायर आता २१ सेंटिमीटर गुणिले ६४, सेकंदाला १३.४ मीटर, ताशी ४८.

*

माळ कुठे मिळत नाही: हेडलाइटच्या स्वतःच्या रेघेत, कारण साधा हेडलाइट बॅटरीवर सलग जळतो. चांगल्या प्रतीच्या एलईडी पथदिव्याखालीही नाही. आणि काही गाड्यांचे एलईडी टेललाइट स्वतःच्या वेगळ्या तालात लुकलुकतात. ते मणी या घड्याळाचे नाहीत, ते मोजू नयेत. उजेड खांबावरून येतोय आणि चमक परावर्तित आहे, एवढं पाहून घ्यावं.

*

मोबाइलच्या फोटोबद्दल. फोन पुष्कळदा अनेक चित्रं घेऊन त्यांचं एक करतो, त्यामुळे फोटोत नोंदलेली वेळ आणि दिसणारी रेघ यांचा मेळ बसेलच असं नाही. शिवाय सेन्सर एक ओळ वाचून मग पुढची वाचतो. फोन आडवा धरला तर गाडी थोडी कलल्यासारखी दिसते, पण एकाच ओळीतली रेघ बिघडत नाही. उभा धरला तर वाचन गाडीच्या प्रवासाच्या दिशेने किंवा उलट चालतं आणि गाडीच लांब किंवा आखूड होते. फूटपट्टीच ताणली जाते. मोजायचा फोटो आडव्याच फोनने घ्यावा, आणि शटरची वेळ हाताने लावता येते अशा पद्धतीत.

*

शटर किती ठेवावं? ताशी ५० ने जाणारी गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. १/१००० वर सरक १४ मिलिमीटर, फोटोत पाच-सहा पिक्सेल. त्यात दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी उत्तर तिसऱ्या हिश्श्याने बदलतं. १/२ वर सरक सात मीटर, गाडीपेक्षा जास्त. गाभा उरत नाही, नुसता धुरकट पट्टा. दिवसा १/६० ते १/३० मध्ये काम होतं.

*

काकांच्या शंभराचा हिशेब. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, १/६४ सेकंदात ४३ सेंटिमीटर, चाकाच्या मध्याची रेघ १७४ पिक्सेल व्हायला हवी होती. आहे ८४. रेघेच्या टोकांवर पाच पिक्सेलचा संशय धरला तर वेग ४५ ते ५१ च्या मध्ये. पोराचा साठही त्यात बसत नाही. साठाला १०४ पिक्सेल लागले असते.

फोटो दाखवला तेव्हा काकांनी तो मोठा करून चाकाजवळची रेघ बराच वेळ पाहिली आणि विचारलं, “मग ट्रॅक्टरचं कसं काढायचं? त्याची लांबी कुठं लिहिलेली असती?” ट्रॅक्टर उभा असताना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर टेपने मोजून ठेवायचं. ट्रॉलीला ते चालणार नाही, ती मागे मोकळी जोडलेली असते. तिची फूटपट्टी तिच्याच लोखंडी चौकटीवर घ्यावी लागेल. टेप त्यांच्याकडे होता.