एकच भाषण, दहा मिनिटांचे आणि चाळीस मिनिटांचेही

व्यापारी मंडळाच्या मेळाव्यात वक्त्याला चाळीस मिनिटे दिलेली असतात. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, स्वागत आणि सत्कार आटोपेपर्यंत भोजनाची वेळ होते आणि व्यासपीठावर चिठ्ठी येते, ‘कृपया दहा मिनिटांत आवरावे.’ अशा वेळी बहुतेक वक्ते एकतर चाळीस मिनिटांचा मजकूर दुप्पट वेगाने वाचतात किंवा प्रत्येक मुद्द्यातून थोडे थोडे गाळतात. दुसरा मार्ग समंजसपणाचा वाटतो, पण घातक तोच ठरतो.

विषय न वटलेल्या धनादेशाचा आहे, असे धरू. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तक्रार करायची, तर धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला रक्कम चुकती करण्यास १५ दिवस असतात. ते उलटले की एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल करायची. घाईत बोलणारा वक्ता ‘तीस दिवस, पंधरा दिवस, एक महिना’ एवढेच सांगून पुढे जातो. कोणती मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, तेवढेच नेमके गळते. ऐकणारा पेढीवर जाऊन धनादेशावरील तारखेपासून मोजू लागला, तर मुदत संपली असे समजून तो हातातला हक्क सोडून देईल.

म्हणून संहिता लिहिताना आधी दहा मिनिटांचे भाषण पूर्ण लिहावे. एक मिनिट प्रस्तावना, सात मिनिटे गाभा, दोन मिनिटे समारोप. गाभ्यात या तीन मुदती आणि एक उदाहरण. ५ एप्रिलचा धनादेश न वटता परत आल्याचे १० जूनला कळले. नोटीस १० जुलैपर्यंत जायला हवी. ती २५ जूनला पाठवली आणि २८ जूनला पोहोचली, तर १३ जुलैपर्यंत पैशांची वाट पाहायची. तोवर पैसे आले नाहीत, तर १४ जुलैपासून महिन्याची गणना सुरू. या गाभ्यातील एकही वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळायचे नाही.

त्यानंतर वाढीव खंड लिहावेत. पहिला सहा मिनिटांचा: तीन महिन्यांच्या वैधतेत धनादेश पुन्हा बँकेत भरता येतो का, हा. दुसरा आठ मिनिटांचा: कोणत्या देण्याला हे कलम लागू होते आणि देणगीच्या धनादेशाला ते का लागत नाही, हा. तिसरा दहा मिनिटांचा: तक्रार कोणत्या न्यायालयात करायची आणि २०१८ च्या दुरुस्तीनुसार २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई कशी मागता येते, हा. तिन्ही मिळून चोवीस, गाभ्यासह चौतीस मिनिटे. उरलेली सहा प्रश्नांसाठी.

खरी शिस्त यापुढे आहे. प्रत्येक खंडाने टेकायचे ते गाभ्यावर, दुसऱ्या खंडावर कधीच नाही. ५ एप्रिलचा धनादेश सर्व खंडांत चालेल, कारण तो प्रत्येक श्रोत्याने ऐकलेला असतो. मात्र धनादेश पुन्हा भरल्यास शेवटच्या परतीपासून मुदत मोजता येते, हे पहिल्या खंडात सांगून तिसऱ्यात ‘मघाशी पाहिलेली ती शेवटची परत’ असे म्हटले, की पहिला खंड गाळताच तिसरा लंगडा पडतो. हस्तलिखितावर पेन्सिल घेऊन ‘मघाशी’, ‘वरील’, ‘पुढे येईलच’ हे शब्द शोधावेत. दोष बहुधा तेथेच सापडतो. प्रस्तावनेत ‘आज चार गोष्टी सांगणार आहे’ असे वचनही देऊ नये. दोनच सांगून वक्ता खाली बसला, तर हिशेब ठेवण्याची सवय असलेला हा श्रोतृवर्ग उरलेल्या दोन विचारल्याशिवाय राहत नाही.

समारोपही केवळ गाभ्यातूनच निघावा. तसे असेल, तर कोणताही खंड संपताच तो जोडता येतो आणि मध्येच चिठ्ठी आली तरी वक्ता अडत नाही. प्रत्येक खंड स्वतंत्र कागदावर लिहावा, कोपऱ्यात मिनिटे मांडावीत. ती अंदाजाने नव्हे, तर मोठ्याने वाचून घड्याळावर मोजलेली असावीत; मनातल्या मनात वाचताना वेळ नेहमीच कमी भरतो.

या पद्धतीत सांधे ऐकू येण्याचा धोका आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक खंडाचे पहिले वाक्य श्रोत्याच्या मनातील प्रश्न असावे, ‘हाच धनादेश पुन्हा भरला तर?’ असे. तो प्रश्न खंडाबरोबरच येतो आणि खंडाबरोबरच जातो. चरित्रकथन किंवा पायरी-पायरीने सिद्ध होणारे विवेचन मात्र असे तोडता येत नाही. तेथे दोन वेगळी भाषणेच लिहावी लागतात.

शेवटची तपासणी घरीच होते. दीर्घ भाषण न ऐकलेल्या कुणाला तरी फक्त दहा मिनिटांचे ऐकवावे आणि विचारावे, ‘नोटीस कोणत्या दिवसापर्यंत द्यायची?’ १० जुलै हे उत्तर आले नाही, तर गाभा पुन्हा लिहायला घ्यावा. वाढीव खंडांची पाळी त्यानंतर.