पासवर्ड बरोबर असूनही

अण्णांच्या जीमेलचा पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटपट्टीने लॅपटॉपच्या झाकणावर डकवलेला होता, आणि तो लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही दिसेल असा काउंटरवर पडला होता. २०२२ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. आठवली की अजून डोकं तापतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. विम्याच्या दाव्यांचे सर्व्हेअर. आगीत जळालेलं गोदाम, पुरात बुडालेली मशिनरी यांची पाहणी करायची, फोटो काढायचे आणि मुदतीत अहवाल विमा कंपनीला मेल करायचा, हे त्यांचं काम. त्यांची सगळी मेल आउटलुक २०१० मध्ये असते. प्रत्येक दाव्याचा वेगळा फोल्डर, वर्षानुवर्षांचा. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा असं त्यांना सांगून पाहिलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, आणि ते फोल्डर पाहिल्यावर मीही तो विषय सोडला.

त्यांच्या एका स्नेह्याचं मेल खातं कुणीतरी बळकावलं, म्हणून आम्ही अण्णांच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली. फोनवर जीमेल व्यवस्थित चालू राहिलं. आउटलुकने मात्र पासवर्ड मागायला सुरुवात केली. अण्णांनी टाकला, चौकट बंद झाली आणि लगेच पुन्हा उघडली. मग त्यांना वाटलं, फोनवर येतो तो सहा आकडी कोड हवा असेल. तोही टाकला. पुन्हा तीच चौकट. मी परगावी होते आणि अहवालाची मुदत जवळ आलेली, म्हणून ते दुकानात गेले.

दुकानात काय झालं ते अण्णांनी मला मागाहून सांगितलं. "काका, पासवर्ड चुकतोय तुमचा," असं म्हणून त्या माणसाने खात्याचा मुख्य पासवर्डच बदलायला लावला. उपयोग झाला नाही. मग आउटलुक काढून पुन्हा टाकलं, त्याचे पैसे वेगळे. तरी चौकट जाईना. शेवटी त्याने निदान केलं, "ते टू-स्टेप काढून टाका आणि लेस सिक्युअर ॲप चालू करा, लगेच चालेल." अण्णांनी "सुनेला विचारतो" म्हटलं, तेवढ्यावर वाचलो.

चीड कशाची, तर त्या सल्ल्याने मेल खरंच चालली असती. पण काही दिवसच. नुसत्या नाव-पासवर्डावर आत शिरणाऱ्या प्रोग्रॅमना वैयक्तिक खात्यांवर ३० मे २०२२ पासून प्रवेश मिळणार नाही, हे गूगलने आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे महिनाअखेरीला आउटलुक पुन्हा बंद पडलं असतं, आणि तोवर खात्याचं कुलूपही निघालेलं असतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याने "मला जमत नाही" म्हणावं. म्हाताऱ्या माणसाच्या खात्याची कडी काढून त्याचे पैसे घेऊ नयेत.

आणि उत्तर पडद्यावरच होतं. मी घरी आल्यावर आउटलुक उघडलं, तर पासवर्डच्या चौकटीआधी एक छोटी सूचना येत होती. सगळेजण ती न वाचता ओके दाबत होते. तिच्यात होतं:

```
Application-specific password required
```

हा संदेश जपून वाचावा. खरोखर चुकीचा पासवर्ड टाकला तर जीमेलचा सर्व्हर `Invalid credentials` म्हणतो. वरचा संदेश आला, तर तुमचा पासवर्ड बरोबर आहे, फक्त तो या दारातून चालत नाही. त्यामुळे पासवर्ड बदलून काहीच साधणार नव्हतं.

कारण साधं आहे. जुना मेल प्रोग्रॅम सर्व्हरला नाव आणि पासवर्ड पाठवतो आणि हो किंवा नाही ऐकतो. मध्येच सर्व्हरला "फोनवरचा कोड सांग" असं विचारायचं असेल, तर त्या प्रोग्रॅममध्ये ते दाखवायला जागाच नाही. नवे प्रोग्रॅम अशा वेळी गूगलची स्वतःची खिडकी उघडतात, दोन्ही टप्पे तिथे पार पडतात आणि प्रोग्रॅमला फक्त परवाना मिळतो. आउटलुक २०१० ला जीमेलसाठी हे येत नाही. म्हणून त्याच्याकरता गूगल वेगळा सोळा अक्षरी ॲप पासवर्ड बनवून देतं.

मी आधी खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला, कारण तो दुकानभर झाला होता. हा क्रम महत्त्वाचा. मुख्य पासवर्ड बदलला की आधी बनवलेले सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, तेव्हा बदल आधी करायचा आणि ॲप पासवर्ड नंतर घ्यायचा. मग खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन तो तयार केला. चार-चार अक्षरांचे चार गट दिसले. मधल्या मोकळ्या जागा टाकल्या काय, न टाकल्या काय, फरक पडत नाही. ती अक्षरं एकदाच दिसतात, खिडकी मिटली की पुन्हा पाहता येत नाहीत. हरवली तर जुना पासवर्ड रद्द करून नवा घ्यायचा. आउटलुकच्या खाते सेटिंगमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी ती अक्षरं भरली आणि `Remember password` वर खूण केली. मेल धडाधड उतरू लागली. पाठवायच्या सर्व्हरलाही हाच पासवर्ड लागतो, म्हणून `More Settings` मधल्या `Outgoing Server` मध्ये आवक सर्व्हरचीच सेटिंग वापरण्याची खूण आहे ना, तेही पाहिलं. नाहीतर मेल येते, पण जात नाही. अण्णांचा अहवाल त्याच संध्याकाळी गेला.

पुढे अण्णांनी लॅपटॉप बदलला तेव्हा हे पुन्हा करायला बसले, तर ॲप पासवर्डचं पान सुरक्षा विभागाच्या यादीत सापडेना. शेवटी `myaccount.google.com/apppasswords` हा पत्ता थेट टाकला तेव्हा उघडलं. मला संताप आला. ज्यांना हे लागतं ते बहुतेक अण्णांच्या वयाचे, आणि त्यांच्यापासूनच लपवून ठेवायचं?

जून २०२५ मध्ये एक बातमी वाचली आणि तो संताप तसा राहिला नाही. रशियाविषयीचे ब्रिटिश अभ्यासक कीर जाइल्स यांना अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नावाने कुणीतरी सभ्य भाषेत मेल पाठवत राहिलं आणि शेवटी त्यांच्याकडूनच ॲप पासवर्ड तयार करवून घेतले. सिटिझन लॅब आणि गूगलच्या संशोधकांनी ते प्रकरण मांडलं. दुसरा टप्पा कुणी फोडला नव्हता. या पासवर्डाला तो विचारलाच जात नाही. शिवाय बनवताना आपण "आउटलुक" असं नाव दिलं, तरी ते नुसतं लेबल. तीच सोळा अक्षरं जगातल्या कुठल्याही मेल प्रोग्रॅममध्ये चालतात आणि सगळी मेल वाचू देतात. तेव्हा पान थोडं आडबाजूला असलेलं बरंच, असं आता वाटतं. अण्णांना शोधायला त्रास होतो हेही तितकंच खरं, आणि त्याचा राग पूर्ण गेलेला नाही.

तेव्हापासून मी त्यांच्या त्या पानावरची यादी अधूनमधून पाहते. तिथे एकच नोंद असायला हवी. ॲप पासवर्ड बनला की गूगल मेल पाठवून कळवतं. तशी मेल आपण काही न करता आली तर आधी फोन करा, असं अण्णांना सांगून ठेवलंय. "आणि दुकानात न्यावं लागलं तर?" त्यांनी विचारलं. ती नोंद रद्द करून मगच न्या, म्हटलं. लॅपटॉप परत आला की नवी सोळा अक्षरं घेऊ.