परतीची वाट

पक्षाघातातून उठलेल्या वृद्धाच्या घराची पाहणी करून अहवाल लिहिणे हे आम्हा व्यवसायोपचारतज्ज्ञांचे नित्याचे काम असले, तरी त्या अहवालातील पहिली शिफारस कोणती असावी, हे ठरविण्यापूर्वी मी रुग्णाला त्याच्या खाटेपासून संडासापर्यंत आणि तेथून परत खाटेपर्यंत, त्याच्या नेहमीच्या चालीने, एकदा चालावयास लावते. या परतीचे मोल मला पुण्यातील एका जुन्या वाड्यात कळले.

अण्णांचे वय चौऱ्याहत्तर. मेंदूच्या उजव्या भागातील रक्तपुरवठा खंडित होऊन त्यांचे डावे अंग लुळे पडले होते. पुढे पायात थोडे बळ आले, पण हात मात्र पोटाशी दुमडलेलाच राहिला. त्याहून घातक बाब अशी की, डावीकडील जगाकडे त्यांचे लक्षच जात नसे. दृष्टी शाबूत असूनही ताटाच्या डाव्या बाजूची भाजी तशीच राही आणि दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटे. खाट भिंतीला अशी लावलेली होती की त्यांना डाव्या, म्हणजे दुबळ्या, बाजूनेच उतरावे लागे. उशी पायथ्याशी न्या, असे मी सुचविताच, "तसं केलं तर पाय दक्षिणेला होतील," असे आजींनी ठामपणे सांगितले. तेव्हा उशीची दिशा तीच ठेवून खाटच समोरच्या भिंतीला नेण्याची तजवीज केली. खाटेची उंची चौदा इंच आणि अण्णांच्या गुडघ्याची सतरा. म्हणून चारही पायांखाली, खाट घसरू नये अशी खाच पाडलेले तीन इंची लाकडी ठोकळे घालावेत, असे टिपून घेतले.

मोरी आणि संडास एकत्रच होते. त्यांच्या दारातील उंबरठा चार इंच उंच होता. उतार करावयाचा तर एका इंचास एक फूट या हिशेबाने चार फूट लांबी हवी, आणि आत भिंतीपर्यंत जागा जेमतेम साडेतीन फूट. पाणी अडविणारा उंबरठा काढून टाकणेही शक्य नव्हते. म्हणून त्यास लागून आतबाहेर दोन-दोन इंचांचा, पूर्ण पाऊल मावेल असा, खरबरीत शहाबादी फरशीचा टप्पा करावा आणि आत जाताना हाती येईल असा एक उभा दांडा उजव्या चौकटीवर बसवावा, असे मी लिहिले. वाड्याच्या भिंती मातीच्या, त्यात खिळा धरत नाही. चौकट मात्र सागवानी होती, म्हणून दांडा आरपार बोल्टांनी चौकटीतच कसावा, त्याची जाडी दीड इंच असावी आणि चौकटीपासून तेवढेच अंतर राहावे, म्हणजे मूठ पुरी मिटते आणि हात मागच्या फटीत अडकत नाही, हा तपशीलही नोंदला. अण्णांची चौपायी काठी उजव्या हातात असते. दांडा धरावयाचा तर ती सोडावी लागते, म्हणून आत दुसरी काठी ठेवावी, हेही लिहिले.

वही मिटून मी चहाला बसले, तोच अण्णा संडासातून परत निघाले. आत जाताना जी बाजू उजवी होती ती आता डावी झाली होती. म्हणजे मी सुचविलेला दांडा त्यांच्या लुळ्या हाताकडे, लक्ष न पोहोचणाऱ्या बाजूस पडणार होता. सवयीने त्यांनी काठी खाली ठेवली आणि निरोगी हात उघड्या दाराच्या फळीवर टेकला. फळी बिजागरीवर फिरली आणि अण्णा तिच्याबरोबर झुकले. सूनबाई दाराशीच उभ्या होत्या, म्हणून त्यांनी कमरेला धरून सावरले.

दांडा एक नव्हे, दोन हवे होते. ही गोष्ट कोणत्याही मोजमापात दिसली नसती, कारण दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची आणि चौकटीचे लाकूड जातायेता तेच असते; बदलते ते फक्त माणसाचे तोंड. मी वही उघडून दुसऱ्या चौकटीवरचा दांडा आणि दार मोकळे फिरू नये म्हणून त्यास अटकावणारी कडी, अशी दोन कलमे वाढविली, आणि अहवालात ती खाटेच्याही वर घातली. खाटेशी पडलेला माणूस निदान कोरड्या जमिनीवर पडतो. मोरीच्या दारात पडला तर ओल्या दगडावर पडतो.

आठवड्याने सुतार दांडे कसून गेला, तेव्हा प्रत्येकास मी स्वतः लोंबकळून पाहिले. चौकट हलली नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर त्यांना विनंती एवढीच की, दांडा बसविण्याआधी त्याला आत जाताना पाहून थांबू नका. तो बाहेर येईपर्यंत दाराशी उभे राहा.